इंडेम्निटी, हमी आणि कोसळलेली परांची

सेवा करारातील इंडेम्निटीची अट म्हणजे एका पक्षाने दुसऱ्याला दिलेले वचन: अमुक कारणाने तुमचे नुकसान झाले, तर ते मी भरून देईन. सरकारी मराठीत तिला ‘क्षतिपूर्ती’ म्हणतात; ठेकेदार, सोसायटीचे सेक्रेटरी आणि वकील मात्र सर्रास ‘इंडेम्निटी’च म्हणतात. इमारतीचे रंगकाम, लिफ्टची देखभाल, सुरक्षारक्षकांचा पुरवठा, कारखान्यातली साफसफाई अशा जवळपास प्रत्येक छापील करारात ही अट असते, आणि बहुधा ती न वाचताच सही होते. पुष्कळदा तिला ‘हमी’ समजले जाते. भारतीय करार कायद्याने (१८७२) मात्र या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. इंडेम्निटीची व्याख्या कलम १२४ मध्ये आहे, तर हमीची कलम १२६ मध्ये. कलमे शेजारी असली, तरी नुकसान शेवटी कोणाच्या खिशातून जाणार याची उत्तरे दोन्हींत निराळी निघतात.

फरक कळायला आधी माणसे मोजावीत. इंडेम्निटीत दोनच असतात: भरून देणारा आणि ज्याचे भरून द्यायचे तो. हमीत तीन असतात. मूळ ऋणको म्हणजे ज्याने काम करायचे किंवा पैसे फेडायचे तो, धनको म्हणजे ज्याला ते मिळायचे तो, आणि या दोघांच्या मध्ये उभा असलेला जामीनदार. ‘त्याने दिले नाहीत तर मी देईन’ हे जामीनदाराचे वाक्य झाले. ‘तुमचे नुकसान झाले तर मी देईन’ हे इंडेम्निटी देणाऱ्याचे. पहिल्या वाक्यात आधी दुसऱ्या कोणाची तरी चूक व्हावी लागते. दुसऱ्या वाक्यात तिसऱ्याचे नाव यावेच लागत नाही. देणाऱ्याची जबाबदारी त्याची स्वतःची, पहिल्या हाताची असते.

जामीनदाराची जबाबदारी दुय्यम म्हणतात, पण या शब्दाने फसू नये. कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर ती मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. धनकोने आधी मूळ ऋणकोच्या मागे लागून दमून जावे आणि मगच जामीनदाराचे दार ठोठवावे, असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. पतसंस्थेच्या कर्जाला मैत्रीखातर सही करणाऱ्यांना हे बहुधा नोटीस आल्यावर उमगते. पैसे भरून झाले की जामीनदार मूळ ऋणकोकडे वळतो, कारण कलम १४५ प्रमाणे प्रत्येक हमीच्या करारात मूळ ऋणकोने जामीनदाराला भरून देण्याचे वचन न लिहिताही गृहीत असते. म्हणजे हमीच्या पोटातही एक छोटी इंडेम्निटी असतेच. इंडेम्निटी देणाऱ्याला मात्र भरपाई केल्यावर वळायला असा तिसरा माणूस बहुतेक वेळा नसतो. चूक त्याचीच किंवा त्याच्या माणसांची असेल, तर रक्कम त्याच्याच अंगावर राहते.

ही तत्त्वे हिशेबात कशी उतरतात ते एका कल्पित पण नेहमी घडणाऱ्या प्रकारावरून पाहता येईल. पुण्यातील ४० सदनिकांची एक सोसायटी बाहेरच्या भिंतींच्या रंगकामाचा १८ लाख रुपयांचा ठेका देते. ठेकेदार एकट्याच्या नावावर धंदा करणारा आहे. प्रत्येक बिलातून ५ टक्के रक्कम सोसायटी कापून ठेवते. बांधकामाच्या भाषेत याला ‘रिटेन्शन’ म्हणतात, आणि काम निर्दोष पार पडल्यावर ती परत करायची असते. ठेकेदाराचा मेहुणा स्वतंत्र कागदावर सही करून जामीन राहतो. करारात एक अट आहे: ‘ठेकेदाराच्या, त्याच्या कामगारांच्या किंवा उपठेकेदाराच्या कृतीमुळे अथवा हलगर्जीपणामुळे सोसायटीवर येणारा कोणताही दावा, नुकसान व खर्च यांपासून ठेकेदार सोसायटीला मुक्त ठेवील.’

काम रेंगाळून जूनपर्यंत येते. एका संध्याकाळी वळवाच्या वाऱ्यात मागच्या बाजूची बांबूची परांची कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या आवारात कोसळते. दोन मोटारी आणि एक पत्र्याची शेड चेपते; माणसे सुदैवाने बचावतात. शेजारचा मालक ४ लाख ६० हजारांच्या भरपाईची नोटीस सोसायटी आणि ठेकेदार दोघांनाही पाठवतो.

इथे पहिला गैरसमज डोके काढतो. समितीतला कोणीतरी करार पुढे सरकवून म्हणतो, ‘आपल्याला इंडेम्निटी आहे, आपला काय संबंध?’ शेजाऱ्याने मात्र त्या करारावर सही केलेली नाही. सोसायटी आणि ठेकेदार यांनी आपसात काही ठरवले म्हणून शेजाऱ्याचा हक्क कमी होत नाही. त्याला सोसायटीवरही दावा लावता येतो. इमारत सोसायटीची, परांची तिच्या आवारात आणि तिच्या भिंतीला उभी होती. स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीला मालक नेहमीच जबाबदार धरला जात नाही, हे खरे आहे. पण उंचावरच्या धोक्याच्या कामात मालक सुटेलच याची खात्री कोणताही वकील देणार नाही. इंडेम्निटी दावा अडवत नाही. दाव्यापायी गेलेले पैसे मागाहून कोणाकडे मागायचे एवढेच ती ठरवते.

दुसरा प्रश्न कारणाचा. ठेकेदार म्हणतो, वारा सुटला, यात माझी काय चूक? कलम १२४ ची व्याख्या वचन देणाऱ्याच्या किंवा इतर कोणाच्या वागण्यामुळे होणाऱ्या नुकसानीची आहे. वीज पडणे किंवा पूर येणे हा माणसाचा व्यवहार नाही, म्हणून असे नुकसान त्या व्याख्येत बसत नाही; त्यासाठी विमा घ्यावा लागतो किंवा करारात तशी स्पष्ट वेगळी अट घालावी लागते. पण वाऱ्याने परांची पडली म्हणजे कारण वाराच, असे नसते. दुसऱ्या दिवशी पंचनाम्यात फोटो काढले, तर कारण त्यांतच दिसते. काथ्याच्या गाठी पावसात भिजून सैल पडलेल्या. परांची इमारतीला पक्की धरून ठेवण्यासाठी खिडक्यांतून आत बांधलेले आडवे वासे वरच्या तीन मजल्यांवर नाहीतच, कारण खिडक्यांच्या आतला रंग संपल्यावर ते सोडले आणि पुन्हा बांधले नाहीत. म्हणजे मानवी कृती हजर आहे. अटीत ‘हलगर्जीपणामुळे’ ऐवजी ‘ठेकेदाराच्या कामातून उद्भवणारे’ असे शब्द असते, तर सोसायटीला इतके सिद्ध करत बसावे लागले नसते. इंडेम्निटीच्या अटीतले बहुतेक वाद अशा दोन-तीन शब्दांवरच उभे राहतात.

इंग्रजी मसुद्यांत ‘इंडेम्निफाय, डिफेंड अँड होल्ड हार्मलेस’ असे तीन शब्द हातात हात घालून येतात आणि वाचणाऱ्याला ते एकाच गोष्टीची पुनरुक्ती वाटतात. मधला शब्द मात्र वेगळे ओझे टाकतो. तो असेल, तर दावा आल्याबरोबर वकील नेमून सोसायटीच्या वतीने लढण्याचे कामही ठेकेदाराच्या गळ्यात पडते. आपल्या उदाहरणात तो शब्द नाही, म्हणून वकील सोसायटीलाच नेमावा लागतो.

वकिलाचा सल्ला असा पडतो की खटला अनेक वर्षे चालेल. दुरुस्तीची बिले खरी आहेत, फक्त शेडची किंमत फुगवलेली आहे. सोसायटी ठेकेदाराला लेखी कळवते, १५ दिवसांत उत्तर मागते. उत्तर येत नाही. मग शेजाऱ्याशी ३ लाख ६० हजारांवर तडजोड होते. वकिलाची फी आणि इतर खर्च ४० हजार. एकूण ४ लाख.

ठेकेदार आता जागा होतो. त्याचे म्हणणे, मला न विचारता पैसे दिले, कोर्टाने तर तुम्हाला जबाबदार ठरवलेच नव्हते. याला उत्तर कलम १२५ मध्ये आहे. इंडेम्निटी ज्याला मिळाली आहे त्याच्यावर दावा झाला, तर त्याला तीन गोष्टी वसूल करता येतात: दाव्यात भरावी लागलेली भरपाई, दाव्याचा खर्च, आणि तडजोडीत दिलेली रक्कम. खर्च आणि तडजोड यांना अट अशी की वचन देणाऱ्याने मनाई केलेली असता कामा नये, आणि इंडेम्निटी नसती तरी शहाणा माणूस जसे वागला असता तसेच वागायला हवे. दुसऱ्याच्या पैशावर उदार होऊन केलेली तडजोड यात बसत नाही. सोसायटीने आधी लेखी कळवले, बिले तपासली, मागणी लाखभराने खाली आणली. हे सारे कागद फाइलला असतील तर ठेकेदाराचा आक्षेप टिकणे कठीण. तोंडी बोलणी झाली असतील तर मात्र सोसायटीला ते सिद्ध करताना नाकीनऊ येतील.

नुकसान ‘झाले’ असे नेमके कधी म्हणायचे, हा या विषयातला सर्वांत रंगलेला वाद. पैसे प्रत्यक्ष खिशातून गेल्यावरच भरपाई मागता येते, की देणे पक्के झाले एवढे पुरे? कलम १२५ वाचून पहिले उत्तर खरे वाटते, आणि जुन्या काही निकालांत तेच दिले गेले. मुंबई उच्च न्यायालयात १९४२ मध्ये गजानन मोरेश्वर परेळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री या खटल्यात न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी वेगळी वाट धरली. हेच छागला पुढे मुंबईचे मुख्य न्यायाधीश आणि नंतर केंद्रीय मंत्री झाले. परेळकरांकडे मुंबई महापालिकेकडून भाडेपट्ट्याने घेतलेली जागा होती. तिचा लाभ त्यांनी मंत्री यांना द्यायचे कबूल केले आणि मंत्री यांनी तिथे इमारत बांधायला घेतली. बांधकामाच्या सामानाची उधारी थकल्यावर पुरवठादारासाठी परेळकरांनी दोनदा ती जागा गहाण लिहून दिली. गहाणातून आपल्याला मोकळे करून देण्याचे वचन मंत्री यांच्याकडून मिळाले, पण पाळले गेले नाही. परेळकर कोर्टात गेले तेव्हा प्रतिवादीचा बचाव सरळ होता: तुमचा एक रुपयाही अजून गेलेला नाही, दावा अकाली आहे.

छागलांनी हा बचाव फेटाळला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की करार कायद्याची कलमे १२४ आणि १२५ म्हणजे इंडेम्निटीचा सगळा कायदा नव्हे. देणे टाळता न येण्याजोगे, पक्के झाले असेल, तर ते फेडण्याची तजवीज करायला वचन देणाऱ्याला आधीच भाग पाडता येते. नाहीतर ज्याच्याजवळ आधी भरायला पैसेच नाहीत त्याला इंडेम्निटीचा काही उपयोगच उरणार नाही. हा तर्क साधा आहे आणि पटणाराही. आज भारतातील न्यायालये बहुतांशी याच दृष्टीने पाहतात. सोसायटीच्या बाबतीत याचा अर्थ असा की तडजोडीचा करार होऊन देणे ठरताच तिला ठेकेदाराकडे मागणी करता आली असती. सदस्यांकडून वर्गणी गोळा होईपर्यंत थांबण्याची गरज नव्हती. नुसती नोटीस आली, देणे अजून अनिश्चित आहे, अशा टप्प्यावर मात्र हा निकाल उपयोगी पडत नाही.

आता मेहुण्याकडे वळता येईल. सोसायटीला वाटते, ठेकेदार देत नाही तर जामीनदार देईल. त्याने सही केलेला कागद उघडला तर त्यात लिहिलेले असते: ‘ठरलेले काम ठरलेल्या मुदतीत पूर्ण न झाल्यास होणाऱ्या नुकसानीस मी जामीन आहे.’ ही हमी काम पूर्ण करण्याची आहे. शेजाऱ्याच्या मोटारींचा तिच्याशी संबंध नाही. ‘या करारातील ठेकेदाराच्या सर्व जबाबदाऱ्यांस’ असे शब्द असते, तर इंडेम्निटीचे देणेही तिच्या कक्षेत आले असते, कारण इंडेम्निटीखालचे देणे हीसुद्धा ठेकेदाराची एक जबाबदारीच. हमी आणि इंडेम्निटी अशा एकमेकींवर रचता येतात. मोठ्या ठेक्यांत तसेच करतात.

समजा, तसे व्यापक शब्द होते, तरी मेहुणा सुटण्याची दुसरी वाट आहे. मार्चमध्ये सोसायटी आणि ठेकेदार यांनी गॅलऱ्यांच्या जाळ्या रंगवण्याचे जादा काम ठरवले आणि मुदत दोन महिने वाढवली. मेहुण्याला कोणी विचारले नाही. कलम १३३ सांगते की जामीनदाराच्या संमतीवाचून मूळ कराराच्या अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो. परांची जूनमध्ये पडली. वाढीव मुदत नसती तर ती तेव्हा उभीच नसती. मेहुण्याचा वकील एवढेच सांगेल आणि ते पुरेसे ठरेल. इंडेम्निटीला हा धोका नसतो, कारण बदल करणारे दोघे तेच असतात जे वचनाने बांधलेले आहेत. छापील हमीपत्रांत ‘करारात कोणताही बदल झाला तरी ही हमी चालू राहील’ असे वाक्य घुसवलेले असते ते याचसाठी.

शीर्षक काय दिले आहे यावरून कागदाची जात ठरत नाही. वर ‘हमीपत्र’ आणि आत इंडेम्निटीचे शब्द, किंवा याच्या उलट, असे नेहमी घडते. स्टेट बँक विरुद्ध मुळा सहकारी साखर कारखाना या २००६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न होता. कारखान्याच्या एका ठेक्यात बँकेने दिलेला कागद बँक गॅरंटी आहे की इंडेम्निटी? न्यायालयाने कागदातले शब्द पाहिले आणि तो इंडेम्निटी असल्याचे ठरवले. व्यवहारात याचा परिणाम मोठा होतो. खऱ्या बिनशर्त बँक गॅरंटीत मागणीचे पत्र गेले की बँक पैसे देते. मूळ वाद नंतर चालू राहतो. इंडेम्निटीत मागणाऱ्याला नुकसान झाले, किती झाले आणि ते अटीत बसते हे आधी दाखवावे लागते. मेहुण्याऐवजी सोसायटीने ठेकेदाराकडून तशी बिनशर्त बँक गॅरंटी घेतली असती, तर पैसे आठवड्याभरात हातात आले असते. त्यासाठी ठेकेदाराला बँकेत ठेव अडकवावी लागते आणि कमिशन भरावे लागते, म्हणून लहान ठेकेदार तिला नाखूष असतात आणि भाव वाढवून मागतात.

इंडेम्निटी किती रकमेपर्यंत, हेही करारातच ठरते. ठेकेदार थोडा जाणता असेल तर ‘करारमूल्याच्या १५ टक्क्यांपर्यंत’ अशी मर्यादा घालून घेतो. १८ लाखांवर ती २ लाख ७० हजार झाली असती, आणि वरचे १ लाख ३० हजार सोसायटीचेच राहिले असते. त्याचप्रमाणे सोसायटीची स्वतःची चूक असेल तिथे अट किती ताणायची हाही वादाचा भाग. समितीनेच पाऊस तोंडावर आला असताना ‘परांची आत्ता सोडू नका, जाळ्या बाकी आहेत’ असे लेखी सांगितले असेल, तर ठेकेदार तेच पत्र पुढे करून म्हणेल की माझ्या हलगर्जीपणाबरोबर तुमचाही आहे. ‘सोसायटीच्या चुकीमुळे झाले तरीही’ असे अटीत स्पष्ट लिहिलेले नसेल, तर सोसायटीच्या वाट्याची रक्कम ठेकेदारावर टाकणे अवघड जाते. आणि असे लिहून मागणारी सोसायटी जरा जास्तच मागते, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्या उदाहरणात मर्यादा नाही आणि असे पत्रही नाही. कागदावर ठेकेदार पूर्ण ४ लाखांचा देणेकरी आहे. पण त्याच्याकडे आहे काय? भाड्याचे घर, हप्त्यावरचा टेम्पो, आणि दुसऱ्या दोन सोसायट्यांकडे अडकलेली बिले. तिसऱ्याच्या नुकसानीचा समावेश असलेला ठेकेदाराचा विमा त्याने काढायचा होता. तशी अट करारात होती, पण पॉलिसीची प्रत कोणी मागितली नाही आणि पॉलिसी कधी निघालीच नाही. मेहुणा कलम १३३ च्या आधाराने सुटला. उरले ते बिलातून कापून ठेवलेले रिटेन्शन, १८ लाखांच्या ५ टक्के म्हणजे ९० हजार; ते इंडेम्निटीच्या देण्यात वळते करून घेता येईल असे करारात लिहिले होते. बाकीच्या ३ लाख १० हजारांसाठी सोसायटीने दावा लावला तर हुकूमनामा मिळेल, वसुली केव्हा होईल ते सांगता येत नाही. तोवर ही रक्कम ४० सदनिकांत विभागली जाते, आणि पुढच्या देखभालीच्या बिलात प्रत्येक घराच्या नावावर ७,७५० रुपये ‘इतर आकार’ म्हणून चढतात.